शाळेच्या गेटसमोरची कुत्री आणि ‘निकाली’ निघणारा अर्ज

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात महापालिकेच्या प्राथमिक शाळेत दुसरीत आहे. गेटसमोर सात-आठ भटकी कुत्री कायम असतात. मागच्या आठवड्यात शाळा सुटताना एका मुलाच्या मागे धावली, तो पडला, गुडघे फुटले. ॲपवर दोनदा तक्रार टाकली, दोन्ही वेळा ‘निकाली’ दाखवून बंद. आता वॉर्ड ऑफिसला लेखी पत्र द्यायचं आहे. कोणाच्या नावे लिहू, काय मागू, आणि पुन्हा निकाली निघू नये म्हणून काय करू?

उत्तर :

तुमच्या तक्रारींवर काय शेरा पडला असेल, ते मी न बघता सांगतो. ‘सदर परिसरातील श्वानांची नसबंदी व लसीकरण करून नियमानुसार त्यांना मूळ जागी सोडण्यात आले आहे. सबब तक्रार निकाली.’ दोन-चार शब्द इकडेतिकडे, पण मजकूर हाच असणार. मी एका महापालिकेत नोकरीला होतो, त्यातली बरीच वर्षं टपालाच्या टेबलावर गेली. असे शेरे मी स्वतः टंकलेले आहेत, म्हणून सांगतो. चीड आणणारी गोष्ट म्हणजे या शेऱ्यात खोटं काहीच नसतं. ‘कुत्र्यांचा बंदोबस्त करा’ एवढंच आपण मागितलं, तर नियमात बसणारा बंदोबस्त तेवढाच असतो आणि कुत्रं परत त्याच गेटवर येऊन बसतं.

प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ हे मूळ. १० मार्च २०२३ ला निघाले, त्याआधी २००१ चे होते. रस्त्यावरचं कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला खाच मारायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं, असा त्यांचा सांगावा आहे. म्हणून ‘लांब नेऊन सोडा’ किंवा ‘मारून टाका’ असं अर्जात लिहिलंत, की समोरच्याचं काम तुम्हीच सोपं करून दिलंत. बेकायदा मागणी फेटाळायला कुणाला विचारावं लागत नाही.

आता वॉर्ड ऑफिसचं. लोकांना वाटतं, तिथे कुत्र्यांची गाडी उभी असते. ती नसते. कुत्री पकडणं हे आरोग्य खात्याच्या पशुवैद्यकीय विभागाचं काम, आणि तो विभाग मध्यवर्ती असतो. तुमचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे याच वॉर्ड ऑफिसात, आवक होतो, त्यावर ‘पशुवैद्यकीय विभागाकडे वर्ग’ असा शेरा पडतो आणि तो प्रवासाला निघतो. क्षेत्रीय कार्यालयाच्या दफ्तरी तो त्या दिवशीच संपलेला असतो. मग तिथे पत्र द्यायचंच कशाला? तर कुत्री जिथे बसतात ती जागा क्षेत्रीय कार्यालयाच्या हातात असते. गेटशेजारचा कचऱ्याचा ढीग आरोग्य कोठीचा, फुटपाथवरची विनापरवाना गाडी अतिक्रमणवाल्यांची, पडून राहिलेले पेव्हिंग ब्लॉक पथ विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याचे. या तिन्ही कामांना कुठला नियम आडवा येत नाही आणि ती ‘वर्ग’ही करता येत नाहीत. तेव्हा क्षेत्रीय कार्यालयाकडे आधी जागा मागा, कुत्री मग मागा. पत्रातला क्रमही तसाच ठेवा.

दुसरी गोष्ट गेल्या वर्षीची आहे, आणि शाळेच्या बाबतीत तिनेच सगळा फरक पाडला. सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांचं प्रकरण स्वतःहून हातात घेतलं. २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं, की नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं मूळ जागी सोडा. अपवाद रेबीज झालेल्या वा तसा संशय असलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांचा. मग ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस आणि रेल्वे स्थानकं वेगळी काढली. अशा ठिकाणच्या आवारात सापडलेलं भटकं कुत्रं उचलायचं, नसबंदी-लसीनंतर निवाऱ्यात ठेवायचं, आणि पुन्हा त्या जागी सोडायचं नाही. शाळेला भिंत, कुंपण, गेट नीट हवं. शाळेने एक नोडल अधिकारी नेमायचा, त्याची माहिती प्रवेशद्वारावर लावायची आणि महापालिकेला कळवायची. महापालिकेने निदान तीन महिन्यांतून एकदा पाहणी करायची.

मेख इथेच आहे. आदेश ‘आवाराच्या आतल्या’ कुत्र्यांबद्दल बोलतो. तुमची कुत्री गेटसमोर, म्हणजे रस्त्यावर. रस्त्यावरच्या कुत्र्याला २०२३ चे नियम आणि ऑगस्टचा आदेश लागू. त्याला शाळेच्या नावावर कायमचं हलवता येत नाही. गेटच्या पट्टीच्या अलीकडचं कुत्रं आणि पलीकडचं कुत्रं, दोघांना वेगळा कायदा. आणि कुत्र्यांना हे माहीत नसल्याने ती दिवसभर आतबाहेर करतात! म्हणून ‘शाळेजवळ कुत्री आहेत’ असं मोघम लिहू नका. आत किती, कधी, कुठे झोपतात आणि बाहेर किती, हे वेगवेगळं लिहा. या प्रकरणात पुढेही सुनावण्या झाल्या आहेत, त्यामुळे पत्र द्यायच्या दिवशी शेवटचा आदेश कोणता ते बघून घ्या. आमच्या वेळी अंमलात होता तो नोव्हेंबरचा.

गेल्या डिसेंबरात असंच एक पत्र मी लिहून दिलं. दुबार भरणारी शाळा, सकाळची साडेबाराच्या आत सुटते आणि दुपारची तेव्हाच भरते. पालकांनी आणलेला कच्चा अर्ज दीड पानाचा होता, त्यात ‘उच्छाद’, ‘हैदोस’, ‘कुंभकर्णी झोप’ असं सगळं होतं. आकडा एकही नव्हता. मी म्हटलं, सोमवार ते शनिवार वहीत नोंद करा, मग लिहू.

मुलांच्या दोन आयांनी पाळी लावून घेतली. सकाळी सात, दुपारी बारा आणि साडेपाच. प्रत्येक वेळी किती कुत्री, कुठे, कानाला खाच आहे की नाही, मादी असेल तर आचळं लोंबलेली आहेत का, आणि आसपास खायला काय पडलंय. कानाची खाच हात न लावता दिसते. कानाचं टोक त्रिकोणी कापलेलं असतं. मोबाइलवर फोटो मोठा करून बघितला तरी कळतं. भांडणात फाटलेला कान वेडावाकडा असतो, खाचेची कड सरळ असते.

वही भरली तेव्हा आम्ही सगळेच चकित झालो. सकाळी सातला गेटसमोर तीन कुत्री, तीही झोपलेली. दुपारी बाराला नऊ. साडेपाचला पुन्हा तीन-चार. म्हणजे त्रास दिवसभराचा नव्हता, पाऊण तासाचा होता. कारण वहीच्या शेवटच्या रकान्यात होतं : पावणेबाराला पोषण आहाराची उरलेली खिचडी घमेल्यातून गेटबाहेर, भिंतीच्या कडेला ओतली जायची. आहार शिजवणाऱ्या मावशींचा हेतू चांगलाच होता, अन्न वाया जाऊ नये. शिवाय कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याची पिशवी त्याच कडेला, कचऱ्याच्या ढिगावर येऊन पडायची. नऊ कुत्री खिचडीवर जमलेली, आणि त्याच क्षणी एका पाळीची पोरं आरडाओरडा करत बाहेर पडतात, दुसऱ्या पाळीची आत घुसतात. खात असलेल्या कुत्र्याजवळून पळालं की ते मागे लागणारच.

नऊपैकी पाचांच्या कानाला खाच होती. मुलांच्या मागे लागणारा तांबूस कुत्रा, सगळ्यांचा ज्याच्यावर राग, तो या पाचांत. म्हणजे नसबंदीची गाडी दहा वेळा आली असती तरी त्याच्यात काही बदललं नसतं. खाच नसलेली चार. त्यातली एक मादी पेव्हिंग ब्लॉकच्या ढिगाऱ्यामागे पिल्लं घेऊन होती. आणि चार कुत्री रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपत. गेटच्या खालच्या पट्टीत जवळजवळ फूटभर फट होती, तिथून आत. सकाळी शिपाईमामा येऊन हाकलत, म्हणून पालकांना ती कधी दिसलीच नव्हती.

पत्र असं गेलं :

जा. क्र. …… दिनांक : १५ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. महापालिका सहायक आयुक्त,
…… क्षेत्रीय कार्यालय, पुणे महानगरपालिका.

विषय : …… प्राथमिक शाळेच्या प्रवेशद्वारालगतचा कचरा व राडारोडा हटविणे आणि शाळेच्या आवारातील व प्रवेशद्वारासमोरील भटक्या श्वानांबाबत कार्यवाही होणेबाबत.

संदर्भ : १) मा. सर्वोच्च न्यायालय, स्वयंप्रेरित रिट याचिका (दिवाणी) क्र. ५/२०२५, आदेश दि. ७ नोव्हेंबर २०२५. २) प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३. ३) ऑनलाइन तक्रार क्र. …… व …… (दोन्ही निकाली).

महोदय,

उपरोक्त शाळेत इयत्ता पहिली ते चौथीचे वर्ग दोन सत्रांत भरतात. दि. ८ ते १३ डिसेंबर या सहा दिवसांत रोज तीन वेळा केलेली नोंद सोबत जोडली आहे. त्यानुसार दुपारी १२ ते १२.४५ या वेळेत प्रवेशद्वारासमोर ९ पर्यंत श्वान असतात. इतर वेळी ही संख्या ३ ते ४ असते. दि. ४ डिसेंबर रोजी दुपारी १२.२० वाजता एक विद्यार्थी श्वान मागे लागल्याने पडून जखमी झाला. चावा नाही.

आपल्या कार्यालयाकडून पुढील कार्यवाही व्हावी, ही विनंती.

अ) प्रवेशद्वाराच्या उजव्या बाजूस विजेच्या डीपीपासून कोपऱ्यापर्यंत कचरा टाकला जातो, त्यात मांसाचे टाकाऊ भाग असतात. ही जागा कायमस्वरूपी बंद करून तेथे सकाळी ११.३० पूर्वी सफाई व्हावी आणि कचरा टाकणाऱ्यांवर दंडात्मक कारवाई व्हावी.

आ) त्याच ठिकाणी पडून असलेले पेव्हिंग ब्लॉक हटवावेत. ढिगामागे मादी व पिल्ले असल्याने पशुवैद्यकीय विभागाशी समन्वय साधून हे काम करावे.

इ) संदर्भ १ नुसार आपल्या कार्यालयाने शाळेची पाहणी करून तिची प्रत शाळेस द्यावी.

पशुवैद्यकीय विभागाकडून पुढील कार्यवाही व्हावी.

ई) शाळेच्या आवारात, व्हरांड्यात, रात्री ९ ते सकाळी ६.३० या वेळेत ४ श्वान असतात (छायाचित्रे १ ते ४). संदर्भ १ नुसार त्यांना आवारातून हलविण्यात यावे.

उ) प्रवेशद्वारासमोरील सार्वजनिक रस्त्यावरील श्वानांपैकी ज्यांच्या कानास खाच नाही, त्यांची नसबंदी व लसीकरण व्हावे. खाच असलेल्या श्वानांना रेबीज प्रतिबंधक लस केव्हा दिली, ते कळवावे.

शाळेने स्वतः पुढील गोष्टी केल्या आहेत : नोडल अधिकारी म्हणून …… यांची नेमणूक करून फलक लावला आहे. उरलेला आहार गेटबाहेर टाकणे दि. १३ डिसेंबरपासून बंद केले आहे. गेटखालील फट बंद करण्याचे काम सुरू आहे.

अ ते उ या प्रत्येक मुद्द्यावर काय केले, कधी केले, किंवा करता येत नसल्यास कोणत्या नियमामुळे, हे लेखी कळवावे, ही विनंती.

आपला/आपली विश्वासू,
मुख्याध्यापक तथा सचिव, शाळा व्यवस्थापन समिती

सोबत : सहा दिवसांची नोंद, छायाचित्रे, समितीच्या ठरावाची प्रत, पालकांच्या सह्या.
प्रत कार्यवाहीसाठी : मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी, आरोग्य विभाग. शिक्षण विभाग (प्राथमिक).

पत्र संपलं. बघा, ‘त्रस्त’, ‘जीव मुठीत धरून’ असलं काही नाही. टेबलावर रोज चाळीस अर्ज येतात आणि विशेषणं वाचायला कुणालाच वेळ नसतो. त्याऐवजी ‘चावा नाही’ हे दोन शब्द बघा. पालकांना ते खटकले, म्हणाले, ‘काका, यानं आपलीच बाजू कमजोर होते.’ उलट आहे. पाहणीला आलेला माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. तिथे ‘तसं चावलं नाही, पण…’ असं चाचरत सांगावं लागलं, की बाकीचे आकडेही त्याला फुगवलेले वाटतात.

सगळ्यात कामाचं वाक्य शेवटचं. मुद्द्यांना अक्षरं दिली आणि प्रत्येकाचं उत्तर मागितलं, की एका शेऱ्यात अर्ज बंद करता येत नाही. ‘श्वानांना मूळ जागी सोडले’ हे फार तर ‘उ’चं उत्तर झालं. ‘अ’ आणि ‘ई’ उघडेच राहतात. ‘ई’ला तर ते उत्तर देताच येत नाही, कारण आदेशात नेमकं त्याच्या उलट लिहिलंय.

सही मुख्याध्यापकांची का घेतली, तेही सांगतो. तुम्ही एकटीने दिलेला अर्ज नागरिकाची तक्रार म्हणून नोंदतात. शाळेच्या जावक क्रमांकाने गेलेलं पत्र हा पत्रव्यवहार असतो, त्याची फाइल होते. मुख्याध्यापक बहुधा बिचकतील. आपल्याच महापालिकेला पत्र कसं लिहायचं, वरून विचारणा होईल, वगैरे. त्यावर उपाय शाळा व्यवस्थापन समितीचा. शिक्षण हक्क कायद्याने ती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. समितीत ठराव करून घ्या, म्हणजे बाईंना किंवा सरांना ‘समितीने ठरवलं, मी फक्त कळवलं’ असं म्हणता येतं. आमच्या बाई ठराव हातात पडल्यावर दहा मिनिटांत सही करून मोकळ्या झाल्या.

पण शाळेच्या नावे जाण्याआधी शाळेची स्वतःची बाजू झाडून घ्या. नोडल अधिकारी नेमलेला नसेल, खिचडी गेटबाहेर पडत असेल, तर पहिलं पत्र तुमच्याचकडे उलटं येईल. आम्ही शनिवारी खिचडी बंद केली, सोमवारी पत्र दिलं. उरलेलं आता झाकणाच्या पिंपात ठेवतात आणि ओल्या कचऱ्याबरोबर सकाळी जातं.

पत्र द्यायला जाल तेव्हा दोन प्रती न्या. आवक-जावक टेबलावर एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. क्रमांक नसलेला नुसता गोल शिक्का पोच म्हणून पुरेसा नाही, कारण नंतर शोधायला क्रमांकच लागतो. ‘साहेब मीटिंगला आहेत, उद्या या’ असं म्हणाले तरी पत्र टेबलावर देता येतं, साहेबांना भेटायची गरज नसते. पशुवैद्यकीय विभागाची प्रत क्षेत्रीय कार्यालय पाठवेल म्हणून सोडू नका, स्वतः नेऊन तिथलाही आवक क्रमांक घ्या. मग दोन्ही क्रमांक टाकून ॲपवर नवी तक्रार नोंदवा. ॲपची आता एवढीच मदत, की तारीख पक्की होते.

नंतर आठवड्याने कोठीवर जा. साहेबांकडे नाही, कोठीवर, आरोग्य निरीक्षकाला किंवा मुकादमाला भेटा. सकाळी सहा-सातला हजेरीच्या वेळी ते सापडतात. आमचा कचऱ्याचा मुद्दा पत्राने कागदावर आला आणि मुकादमाने प्रत्यक्षात उतरवला. त्याने सांगितलं, इथली सफाई सकाळी आठला होते, चिकनवाल्याची पिशवी दहानंतर पडते. म्हणून जागा रोज साफ होऊनही दुपारी घाण असायची. फेरी साडेअकराची केली, चिकनवाल्याला दंडाची पावती फाडली, आणि ढीग आठ-नऊ दिवसांत नाहीसा झाला.

कुत्र्यांची बाजू इतकी सरळ गेली नाही. गाडी आली ती दुपारी दोनला. तेव्हा गेटवर एकच कुत्रं, तेही खाच असलेलं. ‘श्वान आढळून आले नाहीत’ असा शेरा पडला असता. पण एक आई वही घेऊन उभी होती, तिने वेळ दाखवली, आणि पथकाने पुढची खेप पहाटेची लावली. तुम्हीही पत्रात वेळ आणि जागा लिहाच, वर एका माणसाचा मोबाइल नंबर द्या, जो फोन आल्यावर पंधरा मिनिटांत तिथे पोचेल. पकडणाऱ्यांना कुत्रं दाखवणारा माणूस लागतो, हे कुणी सांगत नाही.

पहाटेच्या खेपेत आवारातली दोन मिळाली. उरलेल्या दोघांसाठी ‘निवाऱ्यात जागा नाही’ असं तोंडी सांगितलं. ते लेखी मागितलं, आलं नाही. पण तोवर गेटखाली पत्रा वेल्ड झाला होता आणि ती दोघं आत यायचीच बंद झाली. पत्र्याचा खर्च कुत्र्यांच्या गाडीच्या एका फेरीहूनही कमी असेल. निवाऱ्याची जागा हा खरा तुटवडा आहे आणि अर्जाने तो भरून निघत नाही, तेव्हा फट आधी बुजवा.

पिल्लांची मादी मात्र थांबवून ठेवावी लागली. पिल्लं दूध सोडेपर्यंत आईला नसबंदीसाठी उचलायचं नाही, असा नियमच आहे; ढोबळ मानाने दोन महिने धरा. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचीही नसबंदी करत नाहीत. आणि हे गणित पंचांगात आधीच लिहिलेलं असतं. आपल्याकडे भाद्रपदातली कुत्री म्हणतात ते उगाच नाही. गाभण राहिल्यापासून साधारण त्रेसष्ट दिवस, म्हणजे कार्तिक. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा गेटशेजारी पिल्लं असतात आणि आई कुणालाही जवळ फिरकू देत नाही. सगळे अर्ज तेव्हाच येतात, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा मादीला उचलता येत नाही. ‘उ’ मुद्दा तुम्ही आषाढात, शाळा नुकती सुरू झालेली असताना दिलात, तर त्याच कामाला हात लावायला कुणाची हरकत नसते. आमची मादी जानेवारीच्या शेवटी उचलली. तोवर ब्लॉकच्या ढिगाला दोरी बांधून पोरांना पलीकडच्या बाजूने नेत होतो.

तो तांबूस कुत्रा अजून आहे. खिचडी गेल्यावर तो गेटवरून चिकनच्या दुकानाकडे सरकला. दुपारी बाराला आता दोन-तीन कुत्री असतात, आणि ती पडलेली असतात.

तुमच्या गेटवर कुणी रोज खायला घालणारं असेल, तर एक गोष्ट वेगळी करावी लागेल. आमच्याकडे तशा एक आजी होत्या, पाव-दूध घेऊन संध्याकाळी यायच्या. पालकांना त्यांच्याविरुद्धही तक्रार द्यायची होती. मी अडवलं. कुत्र्यांना खायला घालणं हा गुन्हा नाही, आणि त्यांच्याशी भांडण काढलं की विषय पोलिस चौकीवर जातो, तिथून परत येत नाही. पण २०२३ च्या नियमांतला विसावा नियम त्यांच्याच कामाचा आहे. खायला घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या, येण्याजाण्याच्या ठिकाणापासून दूर असावी आणि वेळ ठरलेली असावी, असं तो सांगतो. ऑगस्टच्या आदेशातही प्रत्येक वॉर्डात अशा जागा ठरवायला सांगितलंय. म्हणून पत्रात ‘शाळेपासून दूर खाद्यजागा निश्चित करून फलक लावावा’ असा एक मुद्दा वाढवा आणि आजींना तो आधी वाचून दाखवा. आमच्या आजी स्वतःच मागच्या गल्लीत गेल्या. वर कुठल्या कुत्र्याला कधी लस झाली, हे सगळं त्यांना पाठ होतं. आमच्या वहीपेक्षा त्यांची आठवण पक्की होती.

महिनाभरात लेखी उत्तर आलं नाही, तर पुन्हा तेच पत्र ‘स्मरणपत्र क्र. १’ म्हणून देऊ नका. ते जुन्या फाइलला टाचलं जातं आणि संपतं. माहिती अधिकाराचा अर्ज द्या, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यात ‘का केलं नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर देणं बंधनकारक नसतं. कागद मागा : आवक क्रमांक अमुक या पत्रावरील सर्व शेऱ्यांची व टिपणीची प्रत, शाळेच्या पाहणीचा अहवाल, आणि त्या रस्त्यावरून उचललेल्या श्वानांच्या नोंदवहीतील पानं. उत्तराला तीस दिवस. अनेकदा हा अर्ज टेबलावर आला की मूळ पत्राचं उत्तर आधी निघतं, कारण कोऱ्या टिपणीची प्रत द्यायला कुणालाच आवडत नाही.

तुमच्या पत्रात तो पडलेला मुलगा येईलच. त्याचं नाव लिहू नका, ‘इयत्ता दुसरीतील विद्यार्थी’ पुरे. आणि एवढं मात्र त्याच्या आईला आजच विचारा : नुसतं खरचटलंय, की दात किंवा नखं लागलीत? दात-नखं लागली असतील, तर पत्राची वाट बघायची नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची असते. ते त्या दिवशी राहिलं असलं तरी आता मनपाच्या दवाखान्यात नेऊन लसीचं विचारून घ्यायचं, आठवडा उलटला म्हणून लस चुकत नाही. मग त्या कुत्र्याची तक्रार वेगळ्या कागदावर, थेट पशुवैद्यकीय विभागाला, त्याच दिवशी. चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं, आणि तुमचं मोठं पत्र टेबलांवरून फिरेपर्यंत ते दहा दिवस निघून जातील.